फोटोतला कुर्ता, दुकानातली चप्पल : एका साखरपुड्याची जुळवाजुळव

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या पंचेचाळिशीतल्या एका शिक्षिकेच्या भाचीचा साखरपुडा होता. फेब्रुवारीतला रविवार, संध्याकाळी सातची वेळ, शहराबाहेरचं लॉन. लग्नात सगळ्याच बायका साड्या नेसणार म्हणून साखरपुड्याला मावशांनी कुर्ते घालायचे, असं भाचीनेच ठरवलं होतं. कापड थोरल्या बहिणीने पसंत केलं आणि अंबाजोगाईच्या नेहमीच्या टेलरकडे शिवायला टाकलं. मापं दिवाळीत दिलेली होती. कुर्ता बहिणीसोबत थेट रविवारी सकाळी यायचा होता.

मंगळवारी रात्री बहिणीने फोटो पाठवला. टेलरच्या दुकानात ट्यूबलाइटखाली हँगरला अडकवलेला कुर्ता, फ्लॅश चालू, एकच फोटो. त्यात दिसत होतं ते असं : गडद निळं, किंचित चमकणारं रेशमी कापड, बंद गळा, पाऊण बाही, गुडघ्याखाली येणारी लांबी, घेराला आणि बाहीला साधारण दोन बोटं रुंदीचे जरीचे काठ. जर फोटोत पांढुरकी, चांदीसारखी दिसत होती. खाली त्याच कापडाची घोट्यापर्यंतची सरळ पँट. ओढणी नव्हती.

चप्पल, कानातलं, ओढणी आणि पर्स हे सगळं बुधवार ते शनिवार या चार दिवसांत या एका फोटोवर ठरवायचं होतं. हाताशी अडीच हजार रुपये आणि घरात असलेल्या वस्तू होत्या.

अडचण कुठे होती

वरवर पाहता सवाल सोपा होता : निळ्या कुर्त्यावर रुपेरी जर, मग निळी किंवा रुपेरी चप्पल आणि ऑक्सिडाइज्डचे झुमके. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने लगेच तसं सुचवलंही. तिच्याकडे झुमक्यांचा तयार जोड होता आणि एका दुकानात तीन इंची पेन्सिल हीलचे गडद निळे सँडल तिने हेरून ठेवले होते. सँडल बुधवारी संध्याकाळी घेऊन टाकायचे, असं जवळजवळ ठरलं.

ते अडलं बहिणीच्या एका वाक्यावर. फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "निळा नाई गं, वांगी घेतलाय. दुकानदार धूपछाव म्हणत होता."

इथे सगळं प्रकरण फिरलं. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. या कापडात निळा ताणा आणि राणी रंगाचा बाणा होता. समोरून पाहिलं की एक रंग वर येतो, तिरकं पाहिलं की दुसरा, आणि डोळा दोन्ही मिळून त्याला वांगी म्हणतो. कॅमेरा एकाच कोनातून पाहतो. त्यात ट्यूबलाइटचा निळसर उजेड मिसळला की राणी रंग मागे पडतो आणि फोटोत निळं कापड उतरतं. फोटो खोटा नव्हता, तो त्या कापडाची एकच बाजू सांगत होता.

जरीचं तसंच. फ्लॅशचा झोत जरीवर पडून थेट कॅमेऱ्यात परत येतो आणि तेवढा भाग जळून पांढरा होतो. सोनेरी, तांबूस, रुपेरी अशी कुठलीही जर फ्लॅशमध्ये पांढरीच दिसते. म्हणजे दागिन्यांचा धातू ज्या एका खुणेवर ठरवायचा, तीच खूण फोटोने पुसून टाकली होती.

आणखी एक बारकी गोष्ट होती. आईचा मोबाइल रात्री नऊनंतर डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा आपोआप पिवळसर करत होता. त्यांनी फोटो पाहिला तो त्याच पडद्यावर. मुलीच्या मोबाइलवर कुर्ता शाईसारखा निळा आणि आईच्या मोबाइलवर काळपट दिसत होता, त्यावरून घरात पंधरा मिनिटं वाद झाला.

फोटोतल्या कशावर विश्वास ठेवायचा

रंगावर ठेवायचा नाही, हे आता उघड होतं. पण फोटो अगदीच निरुपयोगी नव्हता. रंगाची जात कळत नसली तरी कापड गडद आहे, एवढं नक्की कळत होतं. गळ्याचा आकार, बाहीची लांबी, काठाची रुंदी, कापडावर बुट्टी आहे की नाही, यात उजेडाने फरक पडत नाही. दागिने आणि चप्पल ठरवायला यातला बराचसा मजकूर पुरतो.

बंद गळा आणि त्याच्या पट्टीलाही बारीक जर, म्हणजे गळ्यात वेगळा हार नको. मंगळसूत्र तर असणारच होतं, आणि ते सोन्याचं. पाऊण बाही म्हणजे मनगट मोकळं, तिथे रोजच्या दोन पाटल्या दिसणार. अंगावर सोनं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे कानात ऑक्सिडाइज्ड घालायचं तर काठाची जर खरोखर रुपेरी असायला हवी होती. सोनेरी जरीवर काळपट चांदी, त्याखाली पिवळं मंगळसूत्र आणि पायात जोडवी-पैंजण, असं झालं की माणसाने कपाटातलं सगळं घालून पाहिल्यासारखं दिसतं.

म्हणून पहिला निर्णय असा झाला : जरीचा रंग कळेपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही. बुधवारची खरेदी रद्द झाली.

दुसरा फोटो

बहिणीला परत टेलरकडे जायला सांगितलं. या वेळी सूचना नेमक्या दिल्या. सकाळी दहा-अकराला, दुकानाच्या दारात, सावलीत. थेट उन्हात नाही. फ्लॅश बंद, फिल्टर बंद. कुर्ता टांगायचा नाही, टेबलावर पसरायचा. जरीच्या काठाला लागून एक कोरा पांढरा कागद ठेवायचा आणि त्या कागदावर दहा रुपयांचं नाणं.

काही दुकानदार अजून दहाच्या नाण्याला नाक मुरडतात, पण या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. त्याची बाहेरची कडी सोनेरी असते आणि मधली चकती रुपेरी. जरीशेजारी ठेवलं की एकाच उजेडात दोन्ही धातूंचा नमुना मिळतो. जर कडीकडे झुकते की चकतीकडे, हे फोटो निळा असो की पिवळा, कळतंच. पांढऱ्या कागदाचा उपयोग वेगळा. कागद फोटोत निळसर दिसला तर सगळा फोटो निळसर आहे, एवढं मनात धरून कुर्त्याकडे पाहायचं.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मोबाइलवर फोटो घेताना पडद्यावर दिसणाऱ्या कुर्त्यावर बोट ठेवून मग क्लिक करायचं आणि फार उजळ दिसला तर उजेड थोडा खाली ओढायचा. गडद कापडाने सगळी चौकट भरली की कॅमेरा त्याला अंधार समजतो आणि स्वतःहून उजळ करतो, मग गडद वांगी फिकट जांभळा होऊन येतो. आणि धूपछाव असल्यामुळे तीन फोटो हवेत : एक वरून सरळ, एक गळ्याच्या बाजूने तिरका, एक घेराच्या बाजूने तिरका.

गुरुवारी दुपारी फोटो आले. सरळ फोटोत कापड जांभळट, एका तिरक्या फोटोत निळं, दुसऱ्यात चक्क मरून. जर नाण्याच्या कडीकडे झुकणारी, पण तिच्याहून मंद. बाजारात जिला अँटिक म्हणतात, तशी. रुपेरी नव्हती.

पर्याय आणि त्यांचे हिशेब

कापडाचे तीन रंग दिसल्यावर 'मॅचिंग' रंगाच्या चपलेचा विचार तिथेच संपला. जी चप्पल दुकानात कुर्त्याशी जुळेल ती लॉनच्या पिवळ्या माळांखाली जुळणार नाही. पिवळसर दिव्यांत निळा रंग दबतो आणि तांबडा वर येतो, त्यामुळे हा कुर्ता संध्याकाळी मरूनकडे जाणार हे धरूनच चालायचं होतं. निळी चप्पल अशा कुर्त्याखाली काळी दिसली असती, आणि जांभळी जवळपास जुळूनही चुकल्यासारखी. चपलेचा रंग कुर्त्याशी नाही तर जरीशी जुळवायचा, हा दुसरा निर्णय. जर कुठल्याही कोनातून, कुठल्याही दिव्यात त्याच घराण्यात राहते.

मग आकाराचा प्रश्न. कपाटात कोल्हापुरी होती. दिसायला शोभली असती, पण लॉनवर दुपारी पाणी मारलेलं असतं, ओल सतरंजीतून वर येते, आणि ओल्या चामड्याचा तळ मंडपातल्या फरशीवर सरकतो. शिवाय तिचा तेलकट तपकिरी रंग रेशमापुढे दिवसाचा वाटतो. जरीकाम केलेली मोजडी दिसायला सगळ्यात देखणी होती आणि मुलीचा कौलही तिलाच होता. ती बाद झाली जोडव्यांमुळे. बंद, निमुळत्या टोकाच्या मोजडीत दुसऱ्या बोटातलं जोडवं शेजारच्या बोटात रुतत जातं. दुकानात दोन मिनिटांत कळत नाही, तासाभराने चालवत नाही. जोडवी काढून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं.

पेन्सिल हीलबद्दल फार बोलायला नको. लॉनवर ती खिळ्यासारखी आत जाते, आणि वर सतरंजी अंथरलेली असली तर कुठे जाईल तेही दिसत नाही.

राहिली पुढून उघडी, रुंद टाचेची चप्पल. टाच किती घ्यायची हे टेलरच्या वहीवरून ठरलं. पँटची लांबी सपाट पायावर मोजली होती आणि ती घोट्याच्या हाडावर संपत होती. टाच जितकी वर, तितकी पँट जमिनीपासून वर. दोन इंचांची टाच घेतली असती तर पँट जमिनीपासून बरीच वर, आखूड दिसली असती आणि लांबी वाढवायला कापडाची मायाही टेलरने ठेवलेली नव्हती. म्हणून दीड इंच ही मर्यादा ठरली.

शेवटची अट बक्कल नको, ही होती. घरच्या कार्यात मावशी म्हणजे पाहुणी नव्हे. ओटी भरायला, औक्षणाला, पूजेच्या पाटाजवळ, स्टेजवर फोटोला, प्रत्येक वेळी चप्पल काढायची असते, आणि हातात ताट असताना वाकून बक्कल लावता येत नाही.

खरेदी

शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर पैठण गेट भागातल्या दुकानात गेल्या. वेळ मुद्दाम संध्याकाळची, कारण दिवसभर उभं राहून शिकवल्यावर पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी बरोब्बर बसलेली चप्पल रात्री आठला चावते. फोटो मोबाइलवर नेला होता, पण पडद्याचा पिवळेपणा बंद करून आणि उजेड निम्म्यावर ठेवून. दहाचं नाणंही पर्समध्ये होतंच.

दुकानदाराने सोनेरीतले तीन प्रकार पुढे ठेवले : लख्ख पिवळा, रोझ गोल्ड आणि अँटिक. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली रोझ गोल्ड आणि अँटिक सारखेच वाटत होते, आणि रोझ गोल्डच्या जोडाचा पट्टा जास्त मऊ होता. दोन्ही जोड दाराशी नेऊन रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यात धरले तेव्हा रोझ गोल्ड तांब्यासारखा लाल झाला. अँटिक जागच्या जागी राहिला. घेतला तो अँटिक : दीड इंच रुंद टाच, बोटांवर आडवा पट्टा, मागे इलास्टिकची पट्टी, अकराशे रुपये.

कानातल्यावर खर्च झालाच नाही. बंद गळ्यावर कान भरलेला हवा, पण फार लोंबता नको, नाहीतर झुमका गळ्याच्या पट्टीवर आपटत राहतो. घरातल्या मोत्याच्या कुड्या, खाली एक बारीक सोन्याचा वेल, एवढ्यावर काम भागलं. नथ घालायची की नाही यावर आत्याबाईंचं मत पडलं की घालावी. कुर्त्यावर नथ जड होते असं आमचं मत आहे, आणि त्या शिक्षिकेचंही तेच निघालं.

ओढणीसाठी लग्नात मिळालेला जुना हिमरू शेला काढला. सूत आणि रेशमाच्या मिश्र विणीचा, बेलबुट्टीचा, मळखाऊ सोनेरी. हिमरू याच शहराची विण, आणि कुर्ता साधा असल्यामुळे बुट्टी त्यावर उठून दिसणार होती. सोनेरीही जरीच्या जवळचा. साडेचारशे रुपयांचा एक जरीचा बटवा घेतला, मनगटात अडकवायचा. खांद्यावरची पर्स शेल्याशी भांडली असती, आणि क्लच धरला की एक हात कायमचा अडकतो.

शनिवारी चप्पल घरात पायमोजे घालून वीस-वीस मिनिटं दोनदा वापरली. दोन्ही चपलांच्या आत, टाचेखाली लाल दोऱ्याचा एक टाका घातला. सोनेरी चपला साखरपुड्यात निम्म्या बायकांच्या पायात असतात आणि स्टेजपाशी ढीग पडतो.

रविवारी काय झालं

कुर्ता सकाळी अकराला हातात आला. घरात तो वांगी होता, लॉनवर माळा लागल्यावर मरून. चप्पल आणि काठ दोन्हीकडे एकाच कापडातून निघाल्यासारखे दिसले. पँट घोट्याच्या जरा वर राहिली, पण पैंजण दिसायला तेवढी जागा लागतेच. चप्पल संध्याकाळभरात पाच-सहा वेळा काढली-घातली गेली आणि एकदाही कुणाला हाक मारावी लागली नाही. टाका घातल्याचा उपयोग झाला : जेवणाच्या वेळी वराकडच्या एका काकू तसलाच जोड घालून निघाल्या होत्या.

जे फसलं ते शेल्यात. हिमरूच्या उलट बाजूला बुट्टीचे जादा धागे सुटे तरंगतात. जुन्या शेल्याला मागून अस्तर नव्हतं. औक्षणाचं ताट घेताना पाटलीची कड त्या धाग्यांत अडकली आणि एक धागा हातभर बाहेर आला. जवळच्या बाईने कात्री शोधली. सुदैवाने मिळाली नाही. असा धागा कापला की बुट्टीत भोक पडतं. तो बोथट सुईने उलट बाजूला परत ओढून, बुट्टीच्या दोन्ही टोकांकडे थोडा थोडा सरकवायचा असतो. ते काम दुसऱ्या दिवशी घरी झालं. त्या संध्याकाळी शेला एका खांद्यावर घडी करून, पाटल्या नसतील अशी बाजू शोधत पिन मारला. पाटल्या दोन्ही हातांत होत्या, म्हणून एका हातातली काढून बटव्यात टाकली.

आणि बटव्यात मोबाइल मावला नाही. दुकानात तो मुलीच्या लहान मोबाइलवर तपासला होता. आहेराची पाकिटं, मोबाइल आणि ती पाटली यांतलं काय ठेवायचं, असा प्रश्न आला, आणि मोबाइल रात्रभर मुलीकडे राहिला. डाव्या टाचेला इलास्टिकने थोडं लाल केलं, फोड आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

शेल्याचं नुकसान टळण्यासारखं होतं. उलट बाजू शुक्रवारीच पाहून मऊ मलमलचं अस्तर चार बाजूंनी कच्च्या टाक्यांनी लावलं असतं तर धागा अडकला नसता. तेवढा वेळ नव्हता तर साधी, सपाट विणीची टिश्यू ओढणी बरी पडली असती. दिसायला हिमरूच्या पासंगाला नाही, पण ताट, पाटल्या आणि लहान मुलं यांच्यात ती टिकते. बटवा घेताना त्यात स्वतःचा मोबाइल आणि दोन पाकिटं घालून, दोरी ओढून बंद करून पाहायला हवा होता.

चपलेचा निर्णय बरोबर ठरला, तरी वेळ पाहता तो थोडा नशिबाचा होता. बहीण सहज 'वांगी' म्हणाली नसती तर निळे सँडल बुधवारीच घरी आले असते. फोटो पाठवणाऱ्याला पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारायच्या : कापड घेताना दुकानदाराने रंगाचं काय नाव सांगितलं, कापड हलवल्यावर रंग बदलतो का, आणि जर सोनेरी की रुपेरी. कापड प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या या तीन उत्तरांपुढे फोटो दुय्यम आहे.

आणि खरं तर फोटोवर इतकी मेहनत करायची गरजच नव्हती. कुर्ता शिवून झाल्यावर टेलरकडे काठासकटची कातरणं उरतात. त्यातला बोटभर तुकडा पाकिटात घालून बुधवारी अंबाजोगाईहून निघणाऱ्या गाडीने पार्सल केला असता, तर गुरुवारी तो दुकानात चपलेवर ठेवून पाहता आला असता, पांढऱ्या दिव्यात आणि दारातल्या पिवळ्या दिव्यातही. टेलरला शिवायला टाकतानाच सांगून ठेवायचं : कातरण फेकू नका, काठाचा एक तुकडा ठेवा. पुढे पँटची लांबी वाढवायची किंवा बाही दुरुस्त करायची वेळ आली तर दोरा जुळवायलाही तोच तुकडा लागतो.